विषय : मडगावची गाडी गुरुवारी २१ला की सोमवारी २५ला? उद्या दुपारी १ पर्यंत कळवावे

सर, नमस्कार.

सकाळी तुमचा निरोप मिळाला : ‘मडगावची गाडी दोन दिवस पुढे घ्या, बाकीचा माल म्हापशात सोडा.’ दोनदा फोन केला, लागला नाही. एका अर्थी बरंच झालं, हे लेखी असलेलं चांगलं.

मला कळलं ते असं. गाडी शनिवारी २३ ऑगस्टला ठरली होती, ती तुम्हाला गुरुवारी २१ला, म्हणजे लवकर हवी आहे. चवथ बुधवारी २७ला आहे, म्हणून मी हा अर्थ धरला. पण आमचे ड्रायव्हर म्हणतात, ‘पुढे’ म्हणजे सोमवार २५. इथे गोदामात दोन्ही अर्थांना माणसं आहेत!

गुरुवारची अडचण एकच, गूळ. मैदा, रवा, साखर आणि तेलाचे डबे आज गोदामात तयार आहेत. गुळाच्या ३० ढेपा मात्र कोल्हापूरहून गुरुवारी रात्री उतरतील, त्या या गाडीला मिळणार नाहीत. सोमवारी गेलो तर सगळं एका फेरीत जाईल, पण मडगावच्या दुकानदारांना विकायला जेमतेम एक दिवस उरेल. नेवऱ्यांचा मैदा-रवा कोणी चवथीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत घ्यायचा ठेवत नाही. शिवाय पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू आहे, त्यात चवथीची गर्दी. तिथे गाडी किती वेळ अडकेल सांगता येत नाही.

म्हणून तीन पर्याय :

क) गुरुवारी पहाटे गाडी, गुळाशिवाय. गूळ मडगावला जाणारच नाही.
ख) सोमवारी पहाटे गाडी, सगळा माल एकदम.
ग) गुरुवारी गाडी, आणि गूळ शनिवारी आपल्या छोट्या टेम्पोने. टेम्पो त्या दिवशी फोंड्यापर्यंत जातोच, मडगावपर्यंतचं डिझेल तेवढं वाढेल.

मला ‘ग’ बरा वाटतो. ताडपत्री नवी लागेल, पावसात गूळ पाझरला तर दुकानदार परत पाठवतात.

दुसरं, ‘म्हापशात सोडा’. बाकीचा माल गोदामातच राहू द्यायचा, की म्हापशाच्या दुकानांना वाटून टाकायचा? मी ‘गोदामात ठेवा’ असं समजलो आहे. वाटायचा असेल तर गुरुवारीच वाटू द्या. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी आपला टेम्पो आत शिरत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

उत्तर एका ओळीत चालेल, उदाहरणार्थ ‘ग, गोदामात’. उद्या, बुधवारी दुपारी १ पर्यंत काही आलं नाही तर मैदा-रवा-साखर-तेल संध्याकाळी गाडीत भरून ठेवतो, पण तुमचा शब्द आल्याशिवाय गाडी हलवणार नाही. दुकानांना यातलं अजून काही कळवलेलं नाही.

आपला,
गोदाम प्रमुख, म्हापसा
मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५