उद्या टेस्ट आहे, आज एवढं ऐकून जा

मंडळी, गाडी बंद करा आणि सगळे जवळ या. मागे उभ्या असलेल्या ताई, तुम्हीही पुढे या, तिथे ऐकू येणार नाही. पंधरा-वीस मिनिटं घेतो, मग घरी जा. आज आता नवीन काही शिकवणार नाही. गाडी तुम्हा पाचही जणांना चालवता येते, ते मी रोज शेजारी बसून बघतोय. उद्या गडबड होते ती बहुतेक गाडीबाहेरच्या गोष्टींनी. म्हणून आधी त्या उरकू.

कागदपत्रं. घरी गेल्यावर जेवायच्या आधी काढा, जेवल्यानंतर कंटाळा येतो. लर्निंग लायसन्स, फोटो असलेलं मूळ ओळखपत्र, टेस्टच्या अपॉइंटमेंटचा कागद. हे तिन्ही समोर ठेवा आणि नीट वाचा. नुसतं ‘आहेत’ म्हणून परत पाकिटात सारू नका. लर्निंगची मुदत कुठपर्यंत आहे, ती तारीख बोट ठेवून बघा. अपॉइंटमेंटवर उद्याचीच तारीख आहे ना, केंद्र तेच आहे ना, आणि गाडीचा प्रकार तुम्ही शिकलात तोच लिहिलाय ना, तेही बघा. मग नाव. लायसन्सवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण असतं आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर. असा फरक दिसला तर उद्या खिडकीपाशी उभं राहून शोधू नका, आज रात्रीच मला फोन करा. दोन्ही नावं जोडणारा एखादा कागद घरात असतो, तो सोबत घेता येतो.

झेरॉक्स न्या, पण त्या मूळ कागदांच्या जोडीला. नुसत्या झेरॉक्सवर काम होईल असं धरून चालू नका. अपॉइंटमेंट फोनमध्ये आहे म्हणणाऱ्यांनी तिची छापील प्रत काढून ठेवा. रांगेत उभं असताना फोनची बॅटरी संपते, नेटवर्क जातं, आणि मग तुमचं सगळं लक्ष तिकडे लागतं. लायसन्सवर चष्म्याची नोंद असेल तर चष्मा हा उद्या कागदपत्रांइतकाच गरजेचा. वाचायचा नव्हे, लांबचं बघायचा. काका, हे खास तुमच्यासाठी, तुमच्याकडे दोन आहेत.

गाडीचे कागद माझ्याकडे. नोंदणी, विमा, सगळं त्या निळ्या फोल्डरमध्ये आहे आणि फोल्डर गाडीच्या खणात आहे. तुम्ही त्याची काळजी करायची नाही. स्वतःची गाडी आणणार आहात त्या तुम्ही एकट्याच, तेव्हा ताई, तुम्ही आज घरी दोन गोष्टी करा. गाडीचे मूळ कागद आणि विम्याची तारीख बघा. आणि घरातल्या कुणाला तरी गाडीमागे उभं करून ब्रेक दाबा. ब्रेकचे दिवे आतून दिसत नाहीत, आणि बंद पडलेला दिवा आपल्याला कित्येक दिवस कळत नाही. इंडिकेटर चारही कोपऱ्यांचे बघा. शिकाऊची पाटी पुढे आणि मागे, दोन्हीकडे हवी.

आता वेळ. टेस्ट साडेदहाला आहे. तुम्ही ९.४५ ला केंद्राच्या मुख्य फाटकाशी उभे पाहिजेत. मी त्याआधी तिथे असेन. पाऊण तास जास्त वाटतो, पण त्यात कागद दाखवणं आहे, रांग आहे, स्वच्छतागृहात जाऊन येणं आहे, आणि पाच मिनिटं नुसतं स्वस्थ बसणंही आहे. धावतपळत येऊन लगेच स्टीअरिंगवर बसलेल्या माणसाचा क्लचवरचा पाय थरथरतो. ते भीतीमुळे आहे असं त्याला वाटतं, खरं तर त्याचा दम अजून बसलेला नसतो. तसंच आठ वाजता येऊनही बसू नका. अडीच तास वाट बघून माणूस दमतो आणि भलत्या गोष्टी ऐकतो. बाहेर ताटकळलेले लोक बोलत असतात, ‘आज साहेब कडक आहेत’, ‘त्याला पाडलं’, ‘त्या वळणावर हमखास चूक होते’. त्यातलं तुमच्या उपयोगाचं काही नसतं. बाजूला उभे राहा.

आज रात्री झोप नीट घ्या. सर्दी-खोकला असेल तर औषधाच्या पाकिटावर झोप येण्याबद्दल काही लिहिलंय का ते वाचा. सर्दीच्या काही गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत राहते. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा आणि मला सांगा. सकाळी हलकं काहीतरी खाऊन या, उपाशीपोटी नको. बूट पातळ तळाचे आणि पायात घट्ट बसणारे, सराव करताना घालता तेच. नवीन बूट उद्या नकोत. क्लच कुठे पकडतो ते तुमच्या तळपायाला पाठ झालंय, तळ जाड झाला की ते कळेनासं होतं.

आता गाडीत बसल्यानंतरचं. हे लक्ष देऊन ऐका.

एकच गाडी तुम्ही चौघं चालवणार आहात. तुमच्या आधी उतरलेला माणूस तुमच्यापेक्षा उंच असेल, तर सीट मागे गेलेली असणार आणि तिन्ही आरसे त्याच्या डोळ्यांना लावलेले असणार. परीक्षक शेजारी बसलेत म्हणून घाईने तसेच निघू नका. सीट ओढा, क्लच पूर्ण दाबून बघा, गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. मग आरसे, मग पट्टा. याला अर्धा मिनिट लागतो आणि तो तुमच्या हक्काचा आहे. चुकीच्या आरशात दहा वेळा बघितलंत तरी मागचं काही दिसणार नाही.

परीक्षक फार बोलणार नाहीत. गप्प आहेत म्हणजे रागावलेत असं समजू नका. मध्येच कागदावर काही लिहितील. त्यांना सगळ्याचीच नोंद करावी लागते, त्यामुळे पेन हललं म्हणजे आपलं चुकलं असं धरू नका, आणि तिकडे बघू तर मुळीच नका. सूचना ऐकू आली नाही तर सरळ म्हणा, ‘साहेब, परत सांगाल का?’ अंदाजाने वळण्यापेक्षा विचारलेलं कधीही बरं.

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं एवढंच आहे, की उद्या आधी नजर आणि मग हात. गाडी हलवायच्या आधी, वळायच्या आधी, थांबायच्या आधी, रिव्हर्स टाकायच्या आधी डोळे तिथे पोचलेले पाहिजेत. आरसा बघताना नुसती बुबुळं फिरवू नका, मान थोडी वळवा. निघताना खांद्यावरून मागे बघाच, कारण दारालगत आलेली दुचाकी आरशात दिसत नाही. परीक्षकांना कळतं म्हणून नव्हे, ती दुचाकी खरोखर असू शकते म्हणून.

आणि चूक झाली तर. झाली तर होऊ दे. इथे मी जास्त बोलणार आहे, कारण सरावात तुमच्यापैकी तिघांचं मला हेच दिसलंय. गाडी एकदा बंद पडते, ती साधी गोष्ट असते. पण त्यानंतरचं एक मिनिट मन त्या बंद पडण्यातच अडकलेलं असतं आणि त्याच मिनिटात सिग्नल चुकतो. ताशी ४० किलोमीटर वेग असेल तर गाडी एका सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. तुम्ही तीन सेकंद मागच्या चुकीचा विचार केलात, तर ३३ मीटर रस्ता न बघता गेला. म्हणून गाडी बंद पडली की हाच क्रम ठेवा. ब्रेक, हँडब्रेक, क्लच दाबून न्यूट्रल, एक लांब श्वास सोडा, चावी. मग पहिला गिअर, आरसे, खांद्यावरून नजर, आणि निघा. मागून कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे. शांतपणे पुन्हा निघालेला माणूस परीक्षकांना गाडी हातात असलेला माणूस दिसतो.

चढावर थांबून निघायचं आहे, त्याची भीती सगळ्यांना आहे. आपल्या गाडीचा क्लच वर पकडतो, हे तुम्हाला माहीत आहे. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडा अ‍ॅक्सिलरेटर, आणि क्लच हळू सोडत या. इंजिनाचा आवाज जड होईल आणि बॉनेट जरासं वर उचलल्यासारखं दिसेल. पाय तिथेच थांबवा. अजिबात हलवू नका. आता हँडब्रेक सोडा, गाडी मागे येणार नाही. आवाज जड व्हायच्या आत हँडब्रेक सोडलात, तर मात्र येईल. कानाने ऐका, घाई करू नका.

रिव्हर्स आणि पार्किंग अर्ध्या क्लचवर, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. मध्ये थांबून बघितलेलं चालतं. मागे कुणी माणूस किंवा मूल आलं तर थांबा आणि ते जाईपर्यंत हलू नका, कितीही वेळ लागो.

फोन उद्या बंद करून माझ्याकडे द्या. सायलेंटवर नको, त्याची थरथरही खिशात जाणवते.

क्रम ठरवून टाकू. काका पहिले, कारण थांबून राहिलं की तुमचा खांदा आखडतो. मग तुम्ही दोघी बहिणी. उंच असल्यामुळे तू शेवटी, म्हणजे सीट एकदाच मागे जाईल. स्वतःची गाडी आणणाऱ्या ताईंचा नंबर खिडकीवर सांगतील तेव्हा. टेस्टच्या आधी प्रत्येकाला बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर एक फेरी देतो, पाय मोकळे व्हायला. त्या फेरीत मी काहीही सुधारणार नाही, तुम्ही नुसती चालवायची.

माझा फोन रात्री दहापर्यंत चालू आहे. नावाच्या फरकाचं किंवा तारखेचं काही निघालं तर लगेच कळवा. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, मी इथेच आहे.