वसुली खाते : विसर्जनाच्या रोजकीर्द नोंदी

अनिल आणि सुनील ३:२ प्रमाणात नफा-तोटा वाटतात. ३१ मार्च २०२४ रोजी संस्थेचे विसर्जन झाले. त्या दिवशीचा ताळेबंद असा.

देयता : भांडवल अनिल १,८०,०००, सुनील १,१०,०००, सामान्य राखीव निधी १०,०००, धनको ६०,०००, अनिलच्या पत्नीचे कर्ज २०,०००.
मालमत्ता : बँक २०,०००, ऋणको ८०,००० (वजा संशयित कर्ज निधी ४,०००), माल ९४,०००, यंत्रसामग्री १,५०,०००, फर्निचर ४०,०००.

१) वसुली खाते नावे ३,६४,०००
ऋणको खात्याला ८०,०००
माल खात्याला ९४,०००
यंत्रसामग्री खात्याला १,५०,०००
फर्निचर खात्याला ४०,०००
(मालमत्ता पुस्तकी किमतीला वर्ग केल्याबद्दल)

ऋणको इथे ७६,००० घेतले की पुढचे सगळे गणित बिघडते. खाते ८०,००० चे आहे, म्हणून बंदही ८०,००० लाच होते. निधीची नोंद वेगळी. बँक शिल्लक वर्ग होत नाही, कारण ती वसूल करायची राहिलेलीच नाही.

२) धनको खाते नावे ६०,०००
पत्नीचे कर्ज खाते नावे २०,०००
संशयित कर्ज निधी खाते नावे ४,०००
वसुली खात्याला ८४,०००
(बाहेरची देणी व निधी वर्ग केल्याबद्दल)

३) बँक खाते नावे २,८८,०००
वसुली खात्याला २,८८,०००
(यंत्रसामग्री १,३२,०००, माल ८५,०००, ऋणकोंकडून ७१,००० मिळाल्याबद्दल)

४) सुनीलचे भांडवल खाते नावे ३४,०००
वसुली खात्याला ३४,०००
(फर्निचर सुनीलने घेतल्याबद्दल)

५) वसुली खाते नावे ६३,०००
बँक खात्याला ६३,०००
(धनकोंना ५% सूट घेऊन ५७,००० व विसर्जन खर्च ६,००० दिल्याबद्दल)

सूट मिळालेल्या ३,००० ची नोंद शोधत बसू नका. जमेला ६०,००० आणि नावे ५७,०००, फरक वसुली खात्यात आपोआप उतरला.

६) वसुली खाते नावे २०,०००
अनिलच्या भांडवल खात्याला २०,०००
(पत्नीचे कर्ज अनिलने फेडण्याचे मान्य केल्याबद्दल)

हे कर्ज पत्नीचे म्हणून वसुली खात्यातून गेले. खुद्द अनिलने संस्थेला कर्ज दिले असते, तर त्याचे खाते वेगळे ठेवून बाहेरची देणी भागल्यावर आणि भांडवल परत करण्याआधी फेडावे लागले असते. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम ४८ मधला क्रम हाच.

७) अनिलचे भांडवल खाते नावे २४,६००
सुनीलचे भांडवल खाते नावे १६,४००
वसुली खात्याला ४१,०००
(वसुलीचा तोटा ३:२ ने वाटल्याबद्दल, नावे बाजू ४,४७,०००, जमा बाजू ४,०६,०००)

८) सामान्य राखीव निधी खाते नावे १०,०००
अनिलच्या भांडवल खात्याला ६,०००
सुनीलच्या भांडवल खात्याला ४,०००
(निधी वाटल्याबद्दल, तो भागीदारांचाच, वसुली खात्यात कधीही टाकू नये)

९) अनिलचे भांडवल खाते नावे १,८१,४००
सुनीलचे भांडवल खाते नावे ६३,६००
बँक खात्याला २,४५,०००
(अंतिम रक्कम दिल्याबद्दल)

पडताळा : बँक २०,००० + २,८८,००० − ६३,००० = २,४५,०००. शेवटच्या नोंदीने बँक खाते शून्यावर आले.