बिलाचा फोटो: उजेड, कोन आणि सपाट कागद

नमस्कार मंडळी. अध्यक्षसाहेबांनी मला अर्धा तास दिलाय, तोही दुकानं उघडायच्या आधीचा, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. तुमच्यापैकी बहुतेकांची बिलं आता फोटोवरूनच हिशेबात चढतात. तुम्ही फोटो पाठवता, सॉफ्टवेअर त्यातून तारीख, बिल नंबर, माल, दर, रक्कम उचलतं आणि मग आमच्यासारखे हिशेबनीस ते तपासतात. चुका निघाल्या की सगळे म्हणतात, "सॉफ्टवेअर भिकार आहे." काही वेळा असतंही. पण मी रोज दोनशे-अडीचशे फोटो बघतो, आणि बऱ्याचदा फोटो उघडल्याबरोबर कळतं की हे मलाही वाचता यायचं नाही.

आधी हा पडद्यावरचा फोटो बघा. बिलावर छापलंय १२ नग, दर ८५, रक्कम १,०२०. मशीनने वाचलं १२ नग, दर ३५, रक्कम १,०२०. बिलावरच्या इंग्रजी आठाच्या डाव्या बाजूवर ट्यूबलाइटची चमक पडली, तेवढी शाई पांढऱ्यात बुडाली आणि आठाचा तीन झाला. ही चूक सापडली, कारण बारा गुणिले पस्तीस म्हणजे चारशे वीस. गुणाकार जुळला नाही, सॉफ्टवेअरने लाल खूण केली. आता याच बिलाचा वरचा भाग बघा. तारीख १८ च्या जागी १३ वाचली गेलीय. तिथे लाल खूण नाही. रकमेला गुणाकार आहे, बेरीज आहे. तारखेला आणि बिल नंबरला कसली बेरीज? माणसाला शंका आली की तो थांबतो, विचारतो. मशीन बऱ्याचदा गप्प बसून काहीतरी लिहून मोकळं होतं. म्हणून फोटो काढताना एकूण रकमेइतकंच लक्ष वरच्या दोन ओळींकडे द्या.

आता उजेड. फ्लॅश बंद. हे एकच ऐकलंत तरी माझं येणं सार्थकी लागलं. फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असतो, त्यामुळे समोरच्या गुळगुळीत कागदावरून त्याचा उजेड सरळ लेन्समध्ये परत येतो आणि मधोमध पांढरा गोळा उठतो. तिथली अक्षरं फोटोत नसतातच, मग ती कुठलं सॉफ्टवेअर शोधणार? डोक्यावरच्या दिव्याची गत वेगळी. दिव्याखाली उभं राहून फोनसकट वाकलात की तुमची नि फोनची सावली बिलावर. अर्धं बिल उजळ, अर्धं काळपट. सावलीतून बरीचशी अक्षरं काढता येतात, पण सावलीची कडा जर नेमकी एकूण रकमेवरून गेली, तर ती कडाच मशीनला रेघ वाटू शकते.

उपाय साधा आहे. खिडकीजवळचं टेबल, उजेड बाजूने येऊ द्या, ऊन थेट कागदावर नको. खिडकी नसेल तर दिवा बाजूला सरकवा. फोनच्या पडद्यावर बघत बिल ज्यावर ठेवलंय ती पाटी थोडी फिरवा, चमक कुठे सरकते ते दिसेल. ती कागदाबाहेर गेली की क्लिक. अंधारात काढूच नका. उजेड कमी असला की कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो, तेवढ्यात हात हलतो आणि अक्षरं दुहेरी उमटतात. आणि हो, लेन्स पुसा. तेलकट बोटं लागलेल्या लेन्सने काढलेला फोटो धुक्यातला दिसतो. हे सांगायला लागतं याचं मला दरवेळी नवल वाटतं.

कोनाबद्दल फार बोलत नाही. फोन बिलाच्या बरोबर वर, बिलाला समांतर. खुर्चीत बसल्या बसल्या तिरका काढलात तर लांबची बाजू निमुळती होते आणि तिथले आकडे चेपतात. चारही कोपरे फोटोत असतील तर स्कॅनचं अ‍ॅप तिरकेपणा सरळ करून देतं, पण चेपलेल्या आकड्यातला गेलेला तपशील ते परत आणत नाही. खाली गडद पाटी ठेवा. पांढऱ्या टेबलावर पांढरं बिल म्हणजे कागद कुठे संपतो हे अ‍ॅपला कळत नाही.

तिसरी गोष्ट सपाटपणा, आणि इथे मला जरा थांबायचंय. तिरका कागद अ‍ॅप सरळ करू शकतं. गुंडाळलेला किंवा चुरगळलेला कागद बहुतेकदा नाही. ओळ नागमोडी झाली की वरच्या ओळीचा दर खालच्या मालासमोर जातो. मराठी बिलात आणखी एक भानगड असते. घडी शब्दाच्या शिरोरेषेतून गेली तर एका शब्दाचे दोन तुकडे होतात, आणि मालाच्या नावाचं काय होतं ते विचारू नका. पिन काढा, घडी उलटी दुमडून मोडा, चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवा, फक्त अक्षरांवर नकोत. वरून काच ठेवायचा मोह होतो, पण काच म्हणजे पुन्हा चमक.

दुकानातल्या बिलाच्या मशीनमधून निघणारं ते गुळगुळीत, गुंडाळी होणारं बिल वेगळ्या जातीचं. त्यात शाई नसते, कागदावरचा थर उष्णतेने काळा होतो. मी एकदा असं चुरगळलेलं बिल सपाट करायला त्यावर इस्त्री फिरवली. अख्खा कागद काळा! ते बिल मी शेवटी पुरवठादाराकडून परत मागवलं, आणि कारण काही सांगितलं नाही. हे बिल उन्हात, गाडीत किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात राहिलं तर फिकटही होतं. म्हणून त्याचा फोटो हातात पडेल त्याच दिवशी. गुंडाळी मोडायला उलट्या बाजूने हलकेच गुंडाळा. लांबलचक असेल तर दोन-तीन फोटो काढा, प्रत्येकात आधीच्या फोटोतल्या शेवटच्या दोन-तीन ओळी येऊ द्या. एकाच फोटोत बसवायला मागे मागे सरकलात की अक्षरं मुंग्या होतात.

मुंग्यांवरून आठवलं. ए-फोर आकाराचं पान नीट वाचायला इंचाला साधारण ३०० ठिपके लागतात, म्हणजे लांबीला ३,५०० च्या आसपास. फोन तेवढे देतो. पण फोटो मेसेजमधून साधा पाठवला की तो आक्रसतो. १,६०० वर आला तर इंचाला १३७ उरतात. अक्षरं कशीबशी टिकतात, पण दशांश चिन्ह म्हणजे एकच बारीक ठिपका, तो आधी जातो. मग १,२५०.५० चे १२५०५० होतात. तेव्हा पाठवताना "डॉक्युमेंट" निवडा. कार्बनची फिकी निळी प्रत असेल तर रंगीतच ठेवा, काळा-पांढरा फिल्टर ती उडवून टाकतो.

फोटो काढलात की पाठवायच्या आधी बोटांनी मोठा करून बिल नंबर स्वतः वाचा. तुम्हाला अडखळायला झालं तर पुन्हा काढा, दहा सेकंदांचं काम आहे.

बाजूच्या टेबलावर मी गडद पाटी आणि दिवा मांडून ठेवलाय. खिशात, पाकिटात जे बिल असेल ते काढा, जितकं वाईट तितकं बरं. आधी तुमच्या नेहमीच्या पद्धतीने फोटो घ्या, मग इथे घ्या, दोन्ही या पडद्यावर वाचून दाखवतो. पहिलं बिल कोणाचं?