पंप बंद पडला की काय होते?

विक्री विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू होऊन मला तीन महिने झाले होते आणि ओळखी वाढवण्यासाठी होणाऱ्या रात्रीच्या जेवणांची धास्ती दर वेळी वाढतच होती. अंधेरीच्या त्या हॉटेलातही मी पाठ केलेली वाक्ये घोकत, ताटली ढालीसारखी धरून पनीरच्या काउंटरपाशी उभा होतो (पनीर मला आवडतही नाही). शेजारी भिवंडीत कापड रंगवण्याचा कारखाना चालवणारे एक वयस्क गृहस्थ होते. पाठांतराने ऐनवेळी दगा दिला, तेव्हा मी खरे तेच विचारले, "काका, मी पंप विकायला शिकतो आहे, पण पंप बंद पडला की कारखान्यात नेमके काय होते, ते सांगाल का?"

त्यांनी ताटली खाली ठेवली. पंपातले पाणी बाहेर येऊ न देणारे सील गळून पंप थांबला की रंगाचे पाणी फिरत नाही, छटा एकसारखी बसत नाही, माल पुन्हा रंगवावा लागतो आणि नेमका तेव्हाच विक्रेता फोन उचलत नाही, हे ते पंधरा मिनिटे तळमळीने सांगत राहिले. कार्ड द्यायचे मी विसरलो, निघताना त्यांनीच ते मागून घेतले आणि म्हणाले, "मंगळवारी या, दाखवतो."

दादरला गाडी बदलताना मी वहीत एकच शब्द लिहिला: सील.