कर्मचाऱ्यांच्या ॲलर्जीसाठी नायट्राइल, लेटेक्स की विनाइल? ग्लोव्हज पुरवठादारास पत्र

प्रशासकीय कार्यालय (खरेदी व भांडार)
धर्मादाय रुग्णालय, १२० खाटा, सातारा
जा. क्र. : खरेदी/ग्लोव्हज/४७/२०२५
दिनांक : ९ जून २०२५

प्रति,
मा. विक्री व्यवस्थापक,
सर्जिकल साहित्य पुरवठा विभाग, पुणे

विषय : ॲलर्जी असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी योग्य ग्लोव्हजबाबत उत्पादकाची लेखी माहिती व नमुने मिळणेबाबत
संदर्भ : आपले दि. २६ मे २०२५ चे दरपत्रक

महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या दरपत्रकात नायट्राइल आणि विनाइल या दोन्हींपुढे ‘ॲलर्जी-सेफ’ आणि एका लेटेक्स मॉडेलपुढे ‘हायपोॲलर्जेनिक’ असे लिहिले आहे. एवढ्यावर आम्हाला ऑर्डर देता येत नाही. लेटेक्सच्या वैद्यकीय वस्तूंवर ‘हायपोॲलर्जेनिक’ लिहिण्यास अमेरिकेच्या एफडीएने १९९७च्या नियमानेच बंदी घातली, कारण तो शब्द वाचून लेटेक्सची ॲलर्जी असलेला माणूसही ते ग्लोव्हज बिनधास्त घालतो. हे पत्र दर ठरवण्यासाठी नाही. कोणत्या ग्लोव्हमध्ये काय आहे हे आधी कळावे, मग दर बोलू.

आमच्याकडे सुमारे २१० कर्मचारी ग्लोव्हज वापरतात. महिन्याला तपासणीचे साधारण ४०,००० नग (१०० नगांचे ४०० बॉक्स) आणि सर्जिकल स्टराइल १,८०० जोड्या लागतात. तपासणीचे सध्याचे ग्लोव्हज पावडरचे लेटेक्स आहेत. हाताच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४ जणांना त्वचारोग विभागाने तपासले. तक्रार वरून एकसारखी दिसत असली तरी निदाने तीन निघाली, आणि तिन्हींना एकच ग्लोव्ह चालणार नाही.

नऊ जणांना ॲलर्जी नाहीच. दिवसभर हात धुणे, हँडरब वाळायच्या आत ग्लोव्ह चढवणे, आत साचणारा घाम आणि पावडर यांनी त्वचा कोरडी पडून भेगाळली आहे. हा प्रश्न आम्ही वॉर्डातच सोडवू. आपल्याकडून यांना फक्त पावडर-फ्री माल आणि नेमके साइज हवेत. एस संपला की सिस्टर एम घालतात, मग बोटांच्या टोकाशी रबर लोंबते, टेपला चिकटते आणि फाटते.

तिघांची पॅच टेस्ट पॉझिटिव्ह आहे : दोघांची थायुराम मिक्सला, एकाची कार्बा मिक्सला. हे रबरातल्या ॲक्सिलरेटर रसायनांचे काम. ग्लोव्ह घातल्यावर एक-दोन दिवसांनी हाताच्या पाठीवर खाज आणि पुरळ येते, ते मनगटाला ग्लोव्हची कड बसते तिथवर. यांना नुसते ‘लेटेक्स बंद, नायट्राइल सुरू’ करून गुण येईलच असे नाही, कारण बाजारातल्या बऱ्याच नायट्राइल ग्लोव्हजमध्येही गंधक आणि हीच ॲक्सिलरेटर वापरलेली असतात.

उरलेल्या दोघी, एक ओटी सिस्टर आणि एक लॅब टेक्निशियन, यांना लेटेक्सच्या प्रथिनांचीच ॲलर्जी आहे. रक्तातील लेटेक्स-आयजीई तपासणी पॉझिटिव्ह आली. यात प्रतिक्रिया काही मिनिटांत येते : गांधी, शिंका, छाती भरून येणे, आणि वेळ वाईट असेल तर ॲनाफिलॅक्सिस. टेक्निशियनला केळी आणि पपई खाल्ल्यावरही ओठांना खाज सुटते. लेटेक्सच्या ॲलर्जीत असे आढळते. पावडरच्या कणांवर बसून ही प्रथिने हवेत जातात, त्यामुळे शेजारच्या टेबलावर कोणी चटकन ग्लोव्ह ओढून काढला तरी यांना त्रास होतो. म्हणजे यांच्या हातात वेगळा ग्लोव्ह देऊन भागत नाही, त्या विभागातून पावडरचे लेटेक्स पूर्ण हलवावे लागते. पावडरच्या ग्लोव्हजवर अमेरिकेत जानेवारी २०१७ पासून बंदी आहे. आपल्या दरपत्रकात ते अजून पहिल्या पानावर आहेत, ते आमच्यापुरते काढून टाकावेत.

आता नायट्राइलविषयी. आमचा कल तपासणीसाठी सर्वत्र पावडर-फ्री नायट्राइल घेण्याकडे आहे. आपण दिलेल्या दोन मॉडेलांपैकी प्रत्येकाबद्दल उत्पादकाच्या लेटरहेडवर पुढील उत्तरे हवीत.

१. उत्पादनात थायुराम, डायथायोकार्बामेट, मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल आणि डायफिनाइल ग्वानिडिन यांपैकी काय वापरले जाते? डायफिनाइल ग्वानिडिनचा उल्लेख स्वतंत्र हवा, कारण तो कार्बा मिक्समध्येही असतो आणि आमच्या एका कर्मचाऱ्याच्या बाबतीत संशय त्यावर आहे.
२. मॉडेल ‘ॲक्सिलरेटर-फ्री’ म्हणत असाल तर ती रसायने मुळात वापरलीच नाहीत, की तयार ग्लोव्हमध्ये चाचणीला सापडली नाहीत? दुसरे असेल तर चाचणीची पद्धत आणि किमान किती प्रमाण सापडू शकते, तो आकडा द्यावा. गंधकाऐवजी झिंक ऑक्साइड किंवा अन्य मार्गाने क्रॉस-लिंकिंग होत असेल तर तसे लिहावे.
३. आतली बाजू क्लोरिनेटेड आहे की पॉलिमर कोटेड? ओलसर हातावर ग्लोव्ह चढवताना अडकून फाटण्याच्या तक्रारी इथूनच सुरू होतात.
४. एम साइजच्या एका नगाचे वजन, तळव्याची व बोटाची जाडी, आणि एएसटीएम डी ६३१९ नुसार बॅचचा अहवाल. जुनाटीकरणापूर्वी किमान १४ मेगापास्कल ताण-सामर्थ्य व ५०० टक्के लांबण ही मानकातली अट आहे. वजन कमी करून दर उतरवलेला माल दोन बोटांच्या बेचक्यात पहिला फाटतो, म्हणून वजन मुद्दाम विचारतो आहोत.
५. गळती चाचणीचा एक्यूएल. तपासणीसाठी २.५ हे मानक आहे; लॅब आणि डायलिसिससाठी १.५ चा माल मिळत असेल तर दर वेगळा द्यावा.
६. केमोथेरपीची औषधे आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस दिली जातात. त्यासाठीच्या मॉडेलचा एएसटीएम डी ६९७८ अहवाल औषधनिहाय हवा. ‘केमो-टेस्टेड’ असा शिक्का पुरेसा नाही.

लेटेक्स तपासणीसाठी आम्ही बंद करत आहोत. सर्जिकलमध्ये मात्र शल्यचिकित्सकांना लेटेक्सची पकड हवी असते आणि ज्यांना ॲलर्जी नाही त्यांच्यावर बदल लादण्याचे कारण नाही. तेव्हा सर्जिकल लेटेक्स पावडर-फ्रीच हवे (उरलेली पावडर नगामागे २ मि.ग्रॅ.पेक्षा जास्त नको) आणि विरघळणाऱ्या प्रथिनांचे बॅचनिहाय मोजमाप हवे. एएसटीएमची वरची मर्यादा प्रति चौरस डेसिमीटर २०० मायक्रोग्रॅम आहे. ती मालाच्या दर्जाची मर्यादा आहे, ॲलर्जी असलेल्यासाठी सुरक्षिततेची नव्हे. म्हणून ‘मर्यादेत आहे’ असे उत्तर नको, आकडा कळवावा. ओटी सिस्टर ज्या थिएटरमध्ये असतील तिथे सगळ्या टीमने लेटेक्सविरहित स्टराइल ग्लोव्हज घालायचे ठरले आहे. त्यासाठी पॉलिआयसोप्रीन व निओप्रीन या दोन्हींचे साडेसहा, सात आणि साडेसात साइजमधले पर्याय द्यावेत. पॉलिआयसोप्रीन हाताला लेटेक्ससारखेच लागते, पण त्यातही ॲक्सिलरेटर असू शकतात, म्हणून वरचे पहिले दोन प्रश्न त्यालाही लागू आहेत.

विनाइलबाबत आपले म्हणणे अर्धे खरे आहे. पीव्हीसीमध्ये लेटेक्सची प्रथिने नसतात आणि रबरासाठीची ॲक्सिलरेटरही लागत नाहीत. पण हे मटेरियल फारसे ताणत नाही. एएसटीएम डी ५२५० ची अट ३०० टक्के लांबणाची आहे, म्हणजे नायट्राइलपेक्षा बरीच खालची. नवे असताना चाचणीत पास होणारा ग्लोव्ह थोड्या हालचालीने गळू लागतो आणि तो गळतो आहे हे घालणाऱ्याला कळतही नाही. रक्त, शरीरद्रव किंवा सायटोटॉक्सिक औषध जिथे आहे तिथे विनाइल आम्ही घेणार नाही. दुसरा मुद्दा कायद्याचा. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आणि त्यातील २०१८ची दुरुस्ती यांनुसार क्लोरिनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या (रक्तपिशव्या वगळून) व ग्लोव्हज यांचा वापर २७ मार्च २०१९ पर्यंत बंद करायचा होता. पीव्हीसी हे क्लोरिनयुक्त प्लास्टिकच. मग रुग्णालयाच्या दरपत्रकात विनाइल कोणत्या आधारावर दिले आहे, हे लेखी कळवावे. आधार नसेल तर ती ओळ वगळून सुधारित दरपत्रक पाठवावे. स्वयंपाकघरात वाढण्यासाठी पॉलिथीनचे ग्लोव्हज चालतील, त्यांचा दर द्यावा.

निळा ग्लोव्ह म्हणजे नायट्राइल, असे वॉर्डात सगळे धरून चालतात. निळे लेटेक्सही बाजारात मिळते. त्यामुळे प्रत्येक बॉक्सच्या उघडण्याच्या बाजूवर मटेरियलचे नाव मराठी किंवा इंग्रजीत मोठ्या अक्षरांत हवे, आणि बॅच क्रमांक, मुदत व मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ खालील परवाना किंवा नोंदणी क्रमांक नुसत्या बाहेरच्या खोक्यावर न राहता आतल्या बॉक्सवरही हवा. वॉर्डात खोका जात नाही, बॉक्स जातो.

नमुने म्हणून नायट्राइलच्या दोन्ही मॉडेलांचे एस, एम, एल प्रत्येकी दोन बॉक्स आणि लेटेक्सविरहित सर्जिकलच्या प्रत्येक साइजच्या दहा जोड्या पाठवाव्यात. प्रत्येक मॉडेलचे सर्व नमुने एकाच बॅचचे असावेत आणि त्याच बॅचचे अहवाल सोबत यावेत. ॲक्सिलरेटरची ॲलर्जी असलेल्या तिघांसाठी ग्लोव्हचा तुकडा त्वचारोग विभाग पॅच टेस्टमध्ये लावून पाहील. वाचन ४८ तासांनी आणि पुन्हा ९६ तासांनी होते, त्यामुळे नमुना पोहोचल्यापासून निर्णयाला किमान आठवडा लागेल. आधी ऑर्डर, मग तपासणी असे होणार नाही.

ऑर्डर निघाली तर पहिला पुरवठा एकदम ४२० बॉक्सचा हवा, हप्त्यांनी नको. निम्मे वॉर्ड नव्यावर आणि निम्मे जुन्या पावडरवर राहिले तर त्या दोघींसाठी काहीच बदलत नाही. आमच्या भांडारात जुने न उघडलेले ८६ बॉक्स आहेत, ते आपण परत घेणार का व कोणत्या दराने, हेही कळवावे. करारात एक अट राहील : उत्पादकाने रसायन, कोटिंग किंवा कारखाना बदलला तर मालाआधी ३० दिवस लेखी सूचना. मॉडेलचे नाव तेच आणि आतले रसायन वेगळे, असा माल आला तर पॅच टेस्ट केलेली सगळी मेहनत वाया जाते.

साठवणीबाबत उत्पादकाच्या सूचना जोडाव्यात. आमचे भांडार लिफ्टच्या मोटरच्या खोलीला लागून आहे आणि मोटरच्या ठिणग्यांतून होणारा ओझोन रबराला चिरा पाडतो; गरज पडल्यास सर्जिकल लेटेक्ससाठी दुसरी खोली देऊ. खोबरेल तेल व व्हॅसलीनने लेटेक्स कमकुवत होते, ते कर्मचाऱ्यांना आम्ही सांगितले आहे. आपल्या नायट्राइलवर त्यांचा काय परिणाम होतो, तेवढे लिहावे.

लेखी उत्तर व सुधारित दरपत्रक २० जून २०२५ पर्यंत भांडार विभागाकडे यावे. तांत्रिक प्रश्नांसाठी आमच्या भांडार फार्मासिस्टशी कामकाजाच्या दिवशी दुपारी २ ते ४ या वेळेत बोलता येईल. काही बाबतीत उत्पादकाकडून माहिती मिळत नसेल, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असेच लिहून पाठवावे. ते मॉडेल आम्ही ॲलर्जीच्या यादीबाहेर ठेवून बाकीच्यांसाठी विचारात घेऊ.

कळावे,
आपला विश्वासू,
प्रशासकीय अधिकारी

प्रत माहितीसाठी :
१. त्वचारोग विभाग
२. संसर्ग नियंत्रण समिती
३. मेट्रन कार्यालय
४. ओटी इन्चार्ज