शुभे, एकांकिका पाठवलीय, वाचून खरं काय ते सांग

शुभे, कशीयेस? शाळेतले पेपर तपासून झाले का? तुझ्या मेलवर एकांकिकेची पीडीएफ टाकलीय. 31 पानं आहेत पण अक्षर मोठं ठेवलंय म्हणून, सलग बसलीस तर पाऊण तासात होतंय. ही तीच, 2016 च्या लातूरच्या पाण्याची, जिचं मी तुला दिवाळीत निम्मंअर्धं सांगितलं आन मग मुद्दाम गप्प बसले, कारण सगळं तोंडी सांगितलं असतं तर तू कोऱ्या डोक्यानं वाचू शकली नसतीस. आता लिहून पूर्ण झालीय. एवढ्यांदा वाचलीय की कुठलं वाक्य खरंच चांगलंय आन कुठलं नुस्तं सवयीनं चांगलं वाटायलंय तेच मला कळंना गेलंय.

ते तुला कळंल म्हणून एवढा मोठा मेसेज टाइप करायले. हा आधी पूर्ण वाच, मग पीडीएफ उघड.

पयलं म्हणजे, वाचायचंच नसंल तर नको म्हण. खरंच. तुझ्याकडं पेपर आहेत, पोरं आहेत, आन तेवढंच नाही, ते दिवस तुमच्या घरानं काढलेत, मी काढले नाहीत. ते परत वाचावं वाटत नसंल तर नुस्तं "नको" एवढं पाठव, मी कारण विचारणार नाही आन आपल्यात काही बदलणार पण नाही. अजून दोघं जण वाचायलेत, एक आमचे दिग्दर्शक आन एक माझा भाऊ, तेव्हा सगळा भार तुझ्यावर आहे असं पण समजू नको. पण त्या दोघांतलं कुणीच त्या रांगेत उभं नव्हतं, हे पण खरंय.

वाचणार असशील तर मला "छान झालंय" नको शुभे. तू माणसांच्या बाबतीत लई मऊ आहेस, कुणी काही केलेलं दाखवलं की आधी त्याचं तोंड बघतीस आन मग बोलतीस. पण गंजगोलाईत साडी घेताना मी तुला बघितलंय ना, दुकानदार पदर पसरून कौतुक करत असतो आन तू गुमान साडी उलटी करून मागचे धागे बघतीस, काठ दोन बोटांनी ताणतीस आन सरळ म्हणतीस "भाऊ, हे दोन धुण्यात विरंल". आन तो माणूस चिडत नाही, उलट आतला गठ्ठा काढून आणतो, कारण त्याला कळतं की हिला बघता येतंय. माझं लिखाण तसं उलटं करून बघ. तेवढंच पाहिजे.

आन हे आत्ताच सांगण्यात फायदाय. तालमी 15 मे ला सुरू होणार, अजून कुणाला कुठलं काम ते पण ठरलेलं नाही. म्हणजे शेवट बदलता येतो, एखादं पात्र काढता येतं, अख्खा तिसरा प्रवेश फेकून देता येतो, नाव पण अजून पक्कं नाही. एकदा पोरापोरींचं पाठांतर झालं की मग एक वाक्य हलवायचं म्हणलं तरी सगळ्यांची तोंडं उतरतात. तू आत्ता "हे फेकून दे" म्हणलीस तर माझी एक रात्र वाईट जाईल, बस. पण अंबाजोगाईचा प्रयोग झाला की दुसरा लातूरला करायचाय, तिथं समोर अशी माणसं बसणार ज्यांनी डोळ्याला डोळा न लावता टँकरची वाट बघितलीय. त्यांना काही खोटं वाटलं तर ती माणसं उठून सांगणार नाहीत, ती गुमान घरी जातील, आन ते मला सहन होणार नाही. त्यापेक्षा तुझ्या तोंडून ऐकलेलं कितीतरी बरं.

वाचताना काय करायचं तर लई काही नाही. पेन्सिल घे. जिथं मन उडालं, पान उलटून किती राहिलंय बघावं वाटलं, तिथं नुस्ती रेघ मार. जिथं "आमच्याकडं असं कुणी बोलत नव्हतं" वाटलं तिथं फुली मार. जिथं कळलंच नाही तिथं प्रश्नचिन्ह. का कंटाळा आला ते सांगायची गरज नाही, त्यावर उपाय सुचवायची तर अजिबातच नाही, उपाय शोधणं माझं काम. मी नाटकातली नाही मला काय कळतंय असं तू म्हणणार हे मला आत्ताच ऐकू यायलंय, पण कंटाळा येण्याला नाटकातलं कळावं लागत नाही, आन समोर बसणाऱ्या शंभरातले नव्वद तुझ्यासारखेच असणार. मधेच ठेवून द्यावं वाटलं तर ठेवून दे, ओढून ताणून पूर्ण करू नको, नुस्तं कुठल्या पानावर ठेवलंस ते सांग, ते मला सगळ्यात कामाचं आहे. शुद्धलेखनाकडं बघू नको, ते नंतर होतं.

आन जे खरंच आवडलं ते पण नेमकं सांग, माझं मन राखायला नाही, तर दुरुस्तीच्या नादात मी चांगलं तेच कापून बसेन म्हणून.

आता काही ठिकाणं आहेत जिथं मला खास तुझी नजर पाहिजे. दुसऱ्या प्रवेशात बायका टाकीपाशी उभ्या आहेत आन पोलीस येऊन पाचाच्या वर थांबू नका म्हणतो, ते कलम 144 चं, मार्च 2016 मधलं. मी ते बातम्यांतून आन लोकांना विचारून लिहिलंय. बायका त्या पोलिसाला घाबरतात असं दाखवलंय. खरंच घाबरत होत्या का गं, का त्याच्याशी भांडत होत्या, का तो पण त्यांच्यातलाच, घरी त्याचे पण हंडे रिकामेच असणार म्हणून दोन्हीकडून गप्प होते? बातमीत हे येत नाही. तुला जे आठवंल ते सांग, माझ्या प्रवेशाशी जुळतंय का नाही याचा इचार न करता सांग.

मग रेल्वे. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, 10 डब्यांची, साधारण 5 लाख लिटर पाणी घेऊन, आन स्टेशनवर गर्दी, फोटो, हार, हे सगळं झालं. एकांकिका मी तिथंच संपवलीय, लांबून इंजिनाचा आवाज येतो आन बायका रांगेतून उठत नाहीत, नंबर जाईल म्हणून. हा शेवट तुला पटतो का, का तो लातूरबाहेरच्या माणसानं लिहिल्यासारखा वाटतो? त्या दिवशी तुमच्या गल्लीत त्या गाडीचं नेमकं काय बोलणं होतं? धनेगावचं धरण कोरडं पडलं तेव्हापासून लोकांच्या तोंडात काय होतं ते मला तुझ्याच शब्दांत पाहिजे, आशा होती का राग होता का दोन्ही नव्हतं.

तिसऱ्या प्रवेशात किल्लारीचा म्हातारा आहे, 1993 च्या भूकंपातून वाचलेला, रांगेत उभं राहून तो त्या रात्रीचं सांगतो. त्याच्यावर आमच्याकडं दोन मतं पडलीत, एक म्हणतो तोच नाटकाचा जीव आहे, एक म्हणतो त्याच्यामुळं पाणी बाजूला पडतंय. कोण काय म्हणलं ते सांगत नाही, तुझं तू बघ. तिसरंच काही वाटलं तरी चालंल.

आन आता जे लिहायला मला सगळ्यात जड जायलंय ते. रांगेतली तिसरी बाई, जी घागरीच्या गळ्याला लाल चिंधी बांधते ओळखू यावी म्हणून, आन रात्री दोन वाजता पालथ्या ड्रमवर बसून पदरात शेंगा फोडत बसते, ती काकूंवरून आलीय. चिंधीचं आन शेंगांचं तूच मला सांगितलं होतंस, त्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी. नाव बदललंय, गल्ली बदललीय, पण तू वाचलंस की पयल्या दोन वाक्यांत ओळखशील. हे नाटक चांगलं का वाईट याच्यापासून वेगळं ठेव. तुला किंवा काकांना ते नको वाटलं तर ती चिंधी पण जाईल आन ती बाई पण जाईल, तिच्यावाचून एकांकिका उभी राहते का पडते ही माझी काळजी, त्याचं ओझं तू घेऊ नको. "नाटकासाठी चालंल" असं तर मनावर दगड ठेवून म्हणूच नको. आन ठेव म्हणलीस तरी त्या बाईचं जे लिहिलंय ते त्यांच्यासारखं आहे का ते बघ, मी तिला थोडं जास्तच शांत केलंय का असं कधी कधी वाटतंय, काकू तर टँकरवाल्याला चांगल्या झापायच्या म्हणं.

माझ्या स्वतःच्या ज्या शंका आहेत त्या मी दुसऱ्या फाइलमध्ये लिहून सोबत पाठवल्यात, तिचं नाव "नंतर उघड" असंच ठेवलंय. आधी वाचलंस तर तुला माझ्याच शंका दिसत राहतील. तुझ्या रेघा, फुल्या मारून झाल्या की मग उघड आन ताडून बघ. ज्या जागा दोघींना खटकल्या त्या तर बदलायच्याच, आन जी जागा फक्त तुला खटकली ती माझ्यासाठी जास्त मोलाची, कारण ती मला एकटीला कधीच सापडली नसती.

सांगायचं कसं ते तुझ्यावर. व्हॉइस मेसेज टाक, पानांचे फोटो काढून पाठव, काय पण. फक्त पयल्यांदा फोन नको, फोनवर माझा आवाज जरा पडला की तू लगेच सावरून घेशील, मी ओळखते तुला. म्हणूनच लातूरला येऊन तुझ्यासमोर वाचून दाखवायचं पण टाळलं. तुझं आलं की मी उलटून वाद घालणार नाही, "मला तिथं असं म्हणायचं होतं" हे समजावत बसणार नाही, लागलंच तर एवढंच विचारीन की कुठल्या ओळीपाशी. दोन दिवस माझं उत्तर नाही आलं तर चिडले असं समजू नको, मी वही घेऊन बसलेली असेन. तू सांगितलेलं सगळंच बदलेन असं नाही गं, काही ठिकाणी मी माझंच ठेवीन, पण ठेवीन ते तुझं ऐकून, इचार करून.

30 एप्रिलपर्यंत जमलं तर बघ, म्हणजे मला हात फिरवायला दोन आठवडे मिळतात. मोबाइलवर वाचायला त्रास होत असंल तर सांग, इथं प्रिंट काढते, आमच्या शेजारचे दर सोमवारी कोर्टाच्या कामाला लातूरला येतात, त्यांच्या हाती शाळेत पोचवते, पेन्सिलीनं रेघा मारायला पण तेच बरं पडंल.

काकांना नमस्कार सांग, पोरांना पापा.

तुझी,
मीनू