पुढचा पूर्ण रुपया

पगाराची फाइल सकाळी सहा वाजता बँकेकडे जाणार होती आणि रात्रीचे दोन वाजून गेले असताना मीनलला १७,९०० रुपये वेतनाच्या एका ओळीत कर्मचारी राज्य विम्याची कपात १३४ रुपये दिसली. पाऊण टक्क्याने १३४.२५ होतात आणि नियमाप्रमाणे पुढचा पूर्ण रुपया, म्हणजे १३५, धरायला हवा होता. प्रणाली मात्र जवळचा रुपया धरत होती. आधीच्या चाचण्यांतले सगळे अपूर्णांक नेमके अर्ध्याहून मोठे असल्याने (ते तिनेच निवडले होते) चूक झाकली गेली होती.

“एका रुपयासाठी पगार थांबवायचे?” व्यवस्थापकांनी फोनवर विचारले.

“थांबवायचे नाहीत, सर. `ROUND` च्या जागी `CEILING` घालून हिशेब पुन्हा चालवू या.”

पावणेसहाला त्या ओळीत १३५ उमटले.